समलंब चौकोनाचा सेंट्रॉइड: एक कर्ण, दोन त्रिकोण आणि पाठांतराला सुट्टी

माती अडवणारी जुन्या पद्धतीची दगडी भिंत आडवी कापून पाहिली तर तिचा छेद बहुधा समलंब चौकोनाचा निघतो. पाया रुंद, माथा अरुंद, एक अंग उभं आणि दुसरं तिरकं. नागपुरात नाल्यांच्या काठाने आणि पुलांच्या तोंडाशी अशा भिंती जागोजागी दिसतात. मातीच्या रेट्याने अशी भिंत उलटेल का, हे तपासायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, तिचं वजन नेमकं कुठून खाली उतरतं? म्हणजेच त्या समलंबाचा सेंट्रॉइड कुठे आहे?

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली आपल्याकडची मुलं मेकॅनिक्सच्या वहीत हे सूत्र लिहून घेतात, पाठ करतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विचारतात, “दादा, दुप्पट वरच्या बाजूला करायचं की खालच्या?” मीही हे आधी पाठ करूनच शिकलो होतो, आणि कर्ण ओढून दोन त्रिकोण पाडायला लागल्यावरच ते डोक्यात बसलं. ज्याला त्रिकोणाचा सेंट्रॉइड माहीत आहे, त्याला समलंबाचं सूत्र दर वेळी नव्याने चार ओळींत मिळवता येतं. दुप्पट कुठे येते आणि का येते, हे त्या चार ओळींतच दिसतं. तीच वाट इथे पायरीपायरीने सांगतो.

काय जवळ ठेवाल

- ग्राफ पेपर, पट्टी, सेट स्क्वेअर आणि पेन्सिल
- साधा कॅल्क्युलेटर
- जाड, एकसारखा पुठ्ठा (जुन्या वहीचं पाठीमागचं कव्हर चालतं, खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको)
- टाचणी, दोरा आणि ओळंब्यासाठी एखादा नट
- भिंतीचं गणित असेल तर तिच्या छेदाचं ड्रॉइंग. त्यावर माथ्याची रुंदी, पायाची रुंदी आणि उभी उंची स्पष्ट लिहिलेली हवी

## १. आकृती काढा आणि मोजमाप कुठून ते ठरवा

खालची समांतर बाजू a, वरची समांतर बाजू b, आणि दोघींमधलं लंब अंतर h. कोपऱ्यांना नावं द्या: खाली डावीकडे A, खाली उजवीकडे B, वर उजवीकडे C, वर डावीकडे D. म्हणजे AB = a आणि DC = b.

आता आकृतीच्या बाजूला शब्दांत लिहा: “y खालच्या बाजूपासून वर मोजला आहे.” हे वाक्य लिहायला पाच सेकंद लागतात आणि या विषयातल्या निम्म्याअधिक चुका त्याने टळतात. काही ड्रॉइंगमध्ये अंतर माथ्यापासून खाली दिलेलं असतं, काही पुस्तकांत a म्हणजे वरची बाजू असते. तुमच्या कागदावर काय आहे ते तुम्हीच ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

## २. त्रिकोणाचं पक्कं करा

सगळी इमारत एकाच गोष्टीवर उभी आहे: त्रिकोणाचा सेंट्रॉइड कोणत्याही बाजूपासून त्या बाजूवरच्या उंचीच्या एक तृतीयांशावर असतो.

हे का, ते एकदा समजून घ्या. त्रिकोणाच्या पायाला समांतर अशा बारीक पट्ट्या कल्पा. प्रत्येक पट्टी आपल्या मध्यबिंदूवर तोलली जाते, आणि हे सगळे मध्यबिंदू त्या पायावर आलेल्या मध्यगेवर असतात. म्हणून सगळ्या त्रिकोणाचा तोलही त्या मध्यगेवरच कुठेतरी असणार. दुसऱ्या बाजूला समांतर पट्ट्या पाडल्या तर तो दुसऱ्या मध्यगेवर असणार. दोन्ही मध्यगांवर असलेला बिंदू एकच, शाळेत शिकलेला मध्यगासंपात. तो मध्यगेला शिरोबिंदूकडून २:१ असं विभागतो. म्हणजे पायाकडून पाहिलं तर एक तृतीयांश.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढच्या पायरीला तो लागणार आहे. त्रिकोण कितीही कलता असो, त्याचं टोक पायाच्या बाहेर गेलेलं असो, तरी ही एक तृतीयांश उंची बदलत नाही. मध्यगा तिरकी असली तरी तिच्यावरचं एक तृतीयांश अंतर उभ्या दिशेतही एक तृतीयांशच असतं.

आडव्या जागेसाठी आणखी सोपं आहे. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांच्या आडव्या अंतरांची सरासरी काढली की सेंट्रॉइडचं आडवं अंतर मिळतं.

## ३. कर्ण ओढा

B पासून D पर्यंत सरळ रेष ओढा. समलंबाचे दोन त्रिकोण झाले.

पहिला ABD. याचा पाया खाली, लांबी a. टोक D वर, h उंचीवर. क्षेत्रफळ ah/२, आणि सेंट्रॉइड खालून h/३ वर.

दुसरा BCD. हा उलटा लटकलेला त्रिकोण आहे. त्याचा पाया म्हणजे वरची बाजू DC, लांबी b, आणि टोक B खाली. बहुतेक जण इथेच अडखळतात. या त्रिकोणाची उंची किती? कर्ण तिरका आहे, त्यामुळे काहीतरी वेगळी असावी असं वाटतं. पण पाया DC वरच्या समांतर रेषेवर आहे आणि टोक B खालच्या समांतर रेषेवर. दोन समांतर रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखंच, म्हणून याचीही उंची h च आहे. क्षेत्रफळ bh/२.

याचा सेंट्रॉइड त्याच्या पायापासून h/३ वर असणार. पण पाया वर आहे! म्हणजे सेंट्रॉइड माथ्यापासून h/३ खाली, आणि खालून मोजला तर २h/३ वर. सूत्रातली ती दुप्पट इथून जन्माला येते. b ला दोनने गुणायचं कारण एवढंच की b च्या त्रिकोणाचा सेंट्रॉइड तळापासून दुप्पट उंचीवर आहे.

कर्ण BD ऐवजी AC ओढला तर? त्रिकोण वेगळे होतील, पण एकाचा पाया a राहील, दुसऱ्याचा b, आणि उंची दोघांचीही h. पुढची ओळ एका अक्षरानेही बदलत नाही. दोन्ही कर्ण ओढून स्वतः पाहा, खात्री पटते.

## ४. मोमेंट लिहा

आता दोन त्रिकोणांचा एकत्र तोल काढायचा. खांद्यावरच्या कावडीची दोन्ही टोकं सारख्या वजनाची नसतील, तर माणूस बांबूचा मध्य खांद्यावर घेत नाही. जड टोकाकडे सरकतो. इथेही तसंच आहे. दोन सेंट्रॉइडांचा नुसता मध्य घ्यायचा नाही, क्षेत्रफळाच्या प्रमाणात मोठ्याकडे सरकायचं.

खालच्या बाजूभोवती क्षेत्रफळाचे मोमेंट घेतले की तेच समीकरण होतं. सगळ्याचं क्षेत्रफळ गुणिले y, बरोबर प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याची उंची:

(ah/२ + bh/२) × y = (ah/२) × (h/३) + (bh/२) × (२h/३)

दोन्हीकडे h/२ समान आहे, तो काढून टाका:

(a + b) × y = (h/३) × (a + २b)

आणि म्हणून:

y = (h/३) × (a + २b) ÷ (a + b)

मधल्या ओळीवर क्षणभर थांबा. h/२ निघून गेल्यावर वजन म्हणून उरले ते फक्त a आणि b. दोन्ही त्रिकोणांची उंची सारखीच असल्यामुळे त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे समांतर बाजूंचंच गुणोत्तर. म्हणून तोंडी हिशोब असा करता येतो: उंचीचे तीन सारखे भाग करा, पहिल्या खुणेवर a टांगा, दुसऱ्या खुणेवर b टांगा, आणि दोघांचा तोल काढा. ही आकृती डोळ्यांसमोर आली की सूत्र आठवायची गरजच राहत नाही.

यातून एक मर्यादाही लगेच दिसते. उत्तर पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मध्येच कुठेतरी येणार. कोणत्याही समलंबाचा सेंट्रॉइड h/३ च्या खाली किंवा २h/३ च्या वर जाऊच शकत नाही. तुमचं उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर पुढे एक पाऊलही टाकू नका, मागे जाऊन चूक शोधा.

## ५. सूत्र वापरण्याआधी तपासा

b = ० ठेवा. माथा नाहीसा झाला, त्रिकोण उरला, आणि y = h/३ आलं. a = b ठेवा. आयत किंवा समांतरभुज चौकोन झाला, आणि y = (h/३) × ३a ÷ २a = h/२ आलं. दोन्ही बरोबर.

तिसरी तपासणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती आकड्यांसकट करता येते. माथ्यापासूनचं अंतर वेगळं काढा. तिथे दुप्पट a ला लागेल, कारण आता a चा त्रिकोण दूर आहे: (h/३) × (b + २a) ÷ (a + b). ही दोन्ही अंतरं मिळवली की बरोबर h यायला हवं. येतंच, कारण वर बेरीज ३a + ३b होते आणि ३ कटतो.

थोडक्यात, जिथून मोजता त्या बाजूला एकपट, दूरच्या बाजूला दुप्पट.

## ६. आडवी जागा

समलंब दोन्हीकडून सारखा उतरता असेल तर इथे काही करायचं नाही, सेंट्रॉइड मधल्या उभ्या रेषेवर असतो. पण भिंतीचं एक अंग उभं असतं, तेव्हा आडवं अंतर काढावंच लागतं, आणि खरं तर भिंतीच्या गणितात तेच जास्त महत्त्वाचं.

उभं अंग AD डावीकडे आहे असं धरा आणि अंतर x तिथून उजवीकडे मोजा. त्रिकोण ABD चे कोपरे आडव्या दिशेत ०, a आणि ० वर आहेत, सरासरी a/३. त्रिकोण BCD चे कोपरे a, b आणि ० वर, सरासरी (a + b)/३. पुन्हा तीच कावड, वजनं तीच a आणि b:

x = [a × a/३ + b × (a + b)/३] ÷ (a + b)

x = (a² + ab + b²) ÷ ३(a + b)

हे सूत्र फक्त एक अंग उभं असलेल्या समलंबाचं आहे. दोन्ही अंगं तिरकी असतील तर ते वापरू नका. तेव्हा D उभ्या रेषेपासून किती सरकला आहे ते मोजा (त्याला d म्हणा), कोपऱ्यांची आडवी अंतरं ०, a, d आणि d + b अशी लिहा आणि वरचीच रीत चालवा. त्रिकोणांचे सेंट्रॉइड (a + d)/३ आणि (a + b + २d)/३ येतात. वजनं बदलत नाहीत.

आडव्या जागेला एक सुंदर पडताळा आहे. खालच्या बाजूचा मध्यबिंदू M आणि वरच्या बाजूचा मध्यबिंदू N जोडा. समलंबाच्या प्रत्येक आडव्या पट्टीचा मध्य या MN रेषेवरच पडतो, म्हणून सेंट्रॉइडही तिच्यावरच असायला हवा. आकृती वाकडीतिकडी कशीही असो.

## ७. एक भिंत पूर्ण सोडवू

पाया १.८ मीटर, माथा ०.६ मीटर, उंची ३ मीटर, डावं अंग उभं. सूत्रात आकडे न टाकता त्रिकोण पाडूनच करू.

| तुकडा | क्षेत्रफळ (चौ.मी.) | खालून उंची (मी.) | उभ्या अंगापासून (मी.) |
|---|---|---|---|
| त्रिकोण ABD | २.७ | १.० | ०.६ |
| त्रिकोण BCD | ०.९ | २.० | ०.८ |
| एकूण | ३.६ | | |

उभ्या दिशेत: (२.७ × १ + ०.९ × २) ÷ ३.६ = ४.५ ÷ ३.६ = १.२५ मीटर.

आडव्या दिशेत: (२.७ × ०.६ + ०.९ × ०.८) ÷ ३.६ = २.३४ ÷ ३.६ = ०.६५ मीटर.

आता पडताळा. उंची ३ मीटर, तर पट्टा १ ते २ मीटरचा, १.२५ त्यात बसतं, आणि रुंद पायाकडे झुकलेलं आहे. माथ्यापासूनचं अंतर (३/३) × (०.६ + ३.६) ÷ २.४ = १.७५. दोन्ही मिळून ३. छान.

MN वरही पाहू. M उभ्या अंगापासून ०.९ वर, N ०.३ वर. तीन मीटर चढताना रेषा ०.६ ने डावीकडे सरकते, म्हणजे १.२५ मीटर चढताना ०.२५ ने. ०.९ − ०.२५ = ०.६५. जुळलं.

वर्गात अनेकदा याच आकृतीचा आयत आणि एक काटकोन त्रिकोण पाडून दाखवतात. तेही बरोबरच आहे: ०.६ × ३ चा आयत आणि शेजारी १.२ पायाचा त्रिकोण, दोघांचं क्षेत्रफळ १.८, उंच्या १.५ आणि १, सरासरी १.२५. एक अंग उभं असेल तेव्हा ही रीत भराभर होते. दोन्ही अंगं तिरकी, आणि तीही एकाच दिशेला कललेली असली, की मात्र आयत बाहेर डोकावतो आणि क्षेत्रफळ वजा करायची वेळ येते. कर्णाची रीत तिथेही जशीच्या तशी चालते. म्हणून शिकताना मी कर्णाचीच रीत आधी हाताला बसवायला सांगतो.

## ८. पुठ्ठ्यावर खात्री करा

१ मीटरला १० सेंटीमीटर धरून हीच भिंत पुठ्ठ्यावर काढा आणि कापा: खाली १८ सेंमी, वर ६ सेंमी, उंची ३० सेंमी. एका कोपऱ्याजवळ टाचणीने भोक पाडा आणि ते टाचणीपेक्षा किंचित मोठं करा, नाहीतर पुठ्ठा अडकून बसतो आणि खोटी रेषा देतो. त्याच टाचणीला दोऱ्याने नट लटकवा. पुठ्ठा हेलकावे घेऊन थांबला की दोऱ्याखाली पेन्सिलने रेष ओढा. दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा तेच. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू खालून १२.५ सेंमी आणि उभ्या कडेपासून ६.५ सेंमीच्या आसपास यायला हवा.

दोन-तीन मिलिमीटरचा फरक कापण्यातल्या आणि भोकाच्या जागेतल्या त्रुटीमुळे येतो, तो चालेल. सेंटीमीटरचा फरक आला तर बहुतेक वेळा पुठ्ठा वाकलेला असतो. तिसऱ्या कोपऱ्यातूनही रेष ओढा. तिन्ही एका ठिकाणी भेटल्या तर प्रयोग विश्वासाचा.

## ९. कुठे फसगत होते

या भिंतीवरच एकेक चूक तपासून पाहू, म्हणजे ती किती महागात पडते ते कळेल.

कर्णांचा छेदनबिंदू. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तोच मध्य, असं आयतावरून डोक्यात बसलेलं असतं. समलंबात कर्ण एकमेकांना a : b या प्रमाणात छेदतात, त्यामुळे तो बिंदू खालून ah ÷ (a + b) वर येतो. आपल्या भिंतीत ५.४ ÷ २.४ = २.२५ मीटर. खरा सेंट्रॉइड १.२५ वर! पूर्ण एक मीटरचा फरक, आणि तोही उलट दिशेला. सेंट्रॉइड लांब बाजूकडे झुकतो, कर्णांचा छेद आखूड बाजूकडे. पट्ट्याची तपासणी केली असती तर ही चूक लगेच पकडली गेली असती.

चार कोपऱ्यांची सरासरी. त्रिकोणाला कोपऱ्यांची सरासरी चालते, मग चौकोनाला का नाही? कारण चौकोनाच्या दोन त्रिकोणांचं वजन सारखं नसतं, आणि नुसत्या कोपऱ्यांच्या सरासरीला ते वजन कळत नाही. दोन कोपरे तळावर, दोन माथ्यावर, म्हणजे उंची नेहमीच h/२, इथे १.५ मीटर. माथा सहा सेंटीमीटरचा असो की दोन मीटरचा, हीच उंची येत राहील. यावरूनच रीत चुकीची आहे हे ओळखता येतं.

अर्धं वर, अर्धं खाली. ही समजूत सगळ्यात चिवट आहे. सेंट्रॉइडमधून जाणारी आडवी रेष क्षेत्रफळाचे दोन सारखे भाग करते, असं चांगली चांगली मुलंही ठामपणे सांगतात. करत नाही. क्षेत्रफळ निम्मं करणाऱ्या रेषेची लांबी √[(a² + b²)/२] असते. इथे √१.८, म्हणजे सुमारे १.३४ मीटर, आणि ती रेष खालून सुमारे १.१५ मीटरवर येते. सेंट्रॉइड त्याच्या दहा सेंटीमीटर वर. कारण तोलाला किती माल आहे एवढंच नाही, तो किती दूर आहे हेही लागतं. माथ्याकडचा माल थोडा असला तरी लांब आहे, आणि तो सेंट्रॉइडला वर ओढतो.

तिरकी बाजू उंची म्हणून घेणं. साइटवर टेप लावली की ती तिरक्या अंगावरूनच सोयीची पडते. आपल्या भिंतीचं तिरकं अंग √(३² + १.२²), म्हणजे सुमारे ३.२३ मीटर. ते h म्हणून घातलं तर y सुमारे १.३५ येतं. आकडा पट्ट्यात बसतो, शंकाही येत नाही, म्हणून ही चूक जास्त धोक्याची. उंची ओळंब्यानेच मोजा किंवा उभ्या अंगावरून घ्या.

एककांचं एका ओळीत सांगतो: ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर आधी सगळं मीटरमध्ये करा, मग सुरुवात करा.

## १०. पट्टीने नुसता बिंदू काढायचा असेल

आकडेमोड न करता ड्रॉइंगवर सेंट्रॉइड हवा असेल तर ही रचना करा. M आणि N जोडा. वरची बाजू उजवीकडे a एवढी वाढवा. खालची बाजू डावीकडे b एवढी वाढवा. दोन्ही वाढवलेली टोकं जोडा. ती रेष MN ला जिथे छेदते तो सेंट्रॉइड.

ही रचना बरोबर का, ते M आणि N पासूनची अंतरं मोजून दिसतं. M पासून खालच्या टोकापर्यंत a/२ + b, आणि N पासून वरच्या टोकापर्यंत b/२ + a. दोन समरूप त्रिकोण तयार होतात आणि MN चे भाग (a + २b) : (२a + b) असे पडतात. आपलं सूत्र हेच सांगतं. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात समलंबाचा सेंट्रॉइड याच गुणोत्तरात सिद्ध केला होता.

वाढवायच्या दिशा विरुद्ध हव्यात हे विसरू नका. दोन्ही उजवीकडे वाढवल्या तर रेष MN ला आकृतीच्या आत छेदतच नाही. आणि वर a, खाली b: दुसऱ्याची लांबी घ्यायची. आपापली घेतली तर बिंदू MN ला खालून a : b असं विभागतो, म्हणजे कर्णांच्या छेदनबिंदूवरच पडतो.

## ११. आता भिंतीकडे परत

मिळालेल्या ०.६५ चा उपयोग कसा होतो ते पाहू. दगडी बांधकामाचं वजन २४ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं तर भिंतीच्या एक मीटर लांबीचं वजन ३.६ × २४ = ८६.४ किलोन्यूटन. माती एका अंगाला असते आणि भिंत दुसऱ्या अंगाच्या तळकडेभोवती उलटू पाहते. वजन तिला जागेवर धरून ठेवतं, आणि किती जोराने धरतं ते त्या कडेपासून सेंट्रॉइडच्या आडव्या अंतरावर ठरतं.

माती उभ्या अंगाला असेल तर उलटण्याची कड तिरक्या अंगाच्या तळाशी, म्हणजे B वर. तिथून सेंट्रॉइड १.८ − ०.६५ = १.१५ मीटर. धरून ठेवणारं मोमेंट ८६.४ × १.१५, म्हणजे सुमारे ९९ किलोन्यूटन-मीटर.

तीच भिंत उलटी लावली, माती तिरक्या अंगाला आणि उभं अंग रस्त्याकडे, तर कड A वर येते आणि अंतर ०.६५ च राहतं. मोमेंट सुमारे ५६. दगड तेवढाच, खर्च तेवढाच, पण भिंतीच्या स्वतःच्या वजनाची पकड जवळजवळ निम्म्यावर. या दुसऱ्या मांडणीत तिरक्या अंगावर बसलेल्या मातीचं वजनही भिंतीला दाबून धरतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक एवढा राहत नाही. पण ती माती म्हणजे वेगळा तुकडा आहे. तो त्रिकोण वेगळा काढा, त्याला मातीचं वजन द्या, त्याचा सेंट्रॉइड वेगळा घ्या आणि मग मोमेंटमध्ये मिळवा. समलंबाच्या सूत्रात तो आपोआप येत नाही.

हीच गोष्ट दोन वेगळ्या सामग्रीच्या भिंतीला लागू. खाली काँक्रीट आणि वर वीट असेल तर क्षेत्रफळाचा सेंट्रॉइड आणि वजनाचा मध्य एक राहत नाहीत. प्रत्येक थर स्वतंत्र समलंब धरा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ त्याच्या घनतेने गुणा आणि चौथ्या पायरीतलं समीकरण क्षेत्रफळाऐवजी वजनाने लिहा.

आणि मागे आपली काळी माती भरलेली असेल तर सेंट्रॉइडचं गणित बरोबर येऊनही भिंत धोक्यात असू शकते. पावसाळ्यात ती फुगते, आणि फुगण्याचा तो दाब नेहमीच्या मातीच्या रेट्याच्या सूत्रात धरलेला नसतो. म्हणून भिंतीला लागून मुरूम किंवा वाळूसारखं पाणी सोडणारं भरण घालतात आणि भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवतात. ड्रॉइंगमध्ये ही दोन्ही दिसत नसतील तर ९९ चा आकडा लिहिण्याआधी ती कुठे आहेत ते विचारा.